हार्ट्समधली तीन पाने

हार्ट्सच्या खेळात पाने वाटून झाली की पहिली उतारी होण्याआधी प्रत्येक खेळाडूने आपल्या तेरा पानांतली तीन पाने निवडून दुसऱ्याला द्यायची असतात. पहिल्या डावात ती डावीकडच्या खेळाडूला जातात, दुसऱ्यात उजवीकडच्याला, तिसऱ्यात समोरच्याला. चौथ्या डावात देवाणघेवाण होत नाही, जे हातात आले तेच खेळायचे. पाचव्यापासून पुन्हा डावीकडून सुरुवात. एक अट मात्र कडक असते. आपली तीन पाने बाजूला काढून ठेवल्याशिवाय आपल्याला आलेली तीन पाने उचलून बघता येत नाहीत. म्हणजे निवड अर्ध्या अंधारातच करावी लागते.

हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रुजला. आपल्याकडे पुष्कळांची त्याच्याशी ओळख झाली ती संगणकावर. मायक्रोसॉफ्टने 1992 मध्ये ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स 3.1’ बरोबर तो दिला आणि पुढे बरीच वर्षे तो विंडोजमध्ये राहिला. मेंढीकोट किंवा पाच-तीन-दोन खेळणाऱ्याला त्यात दोन गोष्टी उलट वाटतात. एक म्हणजे इथे हुकूम नसतो. दुसरी, जास्त हात करणे इथे फायद्याचे नसते. बदामाचे प्रत्येक पान एका गुणाचे आणि इस्पिकची राणी एकटी तेरा गुणांची, असे डावात एकूण 26 गुण असतात आणि हे गुण म्हणजे दंड. ज्याच्या हातात ही पाने येतील त्याच्या नावावर तो दंड चढतो. कोणी एक जण शंभरावर पोचला की खेळ संपतो आणि ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकतो. उतारलेल्या रंगाचे पान असेल तर तेच टाकावे लागते. नसेल तर कुठलेही टाकता येते, आणि दंडाची पाने दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्याची संधी तीच.

नवा खेळाडू यावरून एक सरळ हिशेब करतो. भारी पानांनी हात होतात, हात झाले की दंड बसतो, तेव्हा हातातली सर्वांत भारी तीन पाने देऊन टाकावीत. हा हिशेब चुकीचा नाही, पण अर्धा आहे. पान किती भारी आहे यापेक्षा त्याच रंगात त्याच्याखाली किती हलकी पाने आहेत, यावर त्याचा धोका ठरतो. बदामाचा एक्का एकटा असेल तर कोणीही बदाम उतरले की तो टाकावाच लागतो, आणि त्या हातातले सगळे बदाम आपल्याकडे येतात. त्याच एक्क्याखाली दुर्री, तिर्री आणि छक्की असेल, तर बदाम तीनदा उतरले तरी एक्का हातातच राहतो, आणि मधल्या काळात दुसरा एखादा रंग आपल्याकडे संपला की तो एक्का कोणाच्या तरी हातावर टाकून मोकळे होता येते. म्हणून निवड करताना प्रत्येक रंग वरून नव्हे, खालून मोजावा.

मोजणीची सुरुवात इस्पिकपासून करावी, कारण निम्मा दंड तिथल्या एका पानात आहे. इस्पिकची राणी हातात असेल तर ती देऊनच टाकायची, अशी समजूत सार्वत्रिक आहे. ती नेहमी खरी ठरत नाही. राणीबरोबर तिच्याखालची तीन किंवा जास्त इस्पिके असतील, तर ती बहुतेक वेळा ठेवणे शहाणपणाचे असते. आपल्याकडे राणीसह चार इस्पिके असली की बाकी तिघांकडे मिळून नऊच उरतात, म्हणजे सरासरी प्रत्येकी तीन. राणीला बाहेर काढण्यासाठी कोणी इस्पिक उतरू लागला, तर दर फेरीला आपण एक हलके पान देतो आणि त्याचीही इस्पिके संपत जातात. तीन फेऱ्यांत सहसा त्याचा दारूगोळा संपतो आणि राणी सुरक्षित राहते. या फेऱ्यांत आपल्याआधी कोणी एक्का किंवा राजा टाकला, तर राणी त्याच्याखाली सरकवून तेरा गुण त्याच्या पदरात घालता येतात, हा वेगळा लाभ. राणी हातात असल्याचा आणखीही एक फायदा आहे. ती कुठे आहे, हा बाकी तिघांचा प्रश्न असतो, आपला नसतो.

राणीखाली दोनच पाने असतील तर गणित काठावर येते, आणि एक किंवा शून्य असेल तर विचार करायचे कारणच उरत नाही. ती दिली पाहिजे. एक्का आणि राजा यांनाही हीच मोजणी लागू पडते. त्यांच्यावर स्वतःचा दंड नाही, पण राणी ज्या हातात पडते तो हात बहुधा त्यांच्याच नावावर जमा होतो. खाली तीन हलकी इस्पिके असलेला राजा ठेवता येतो. नुसते एक्का-राजा असे दोनच पत्ते इस्पिकचे असतील, तर दोन्ही द्यावेत.

गुलामापासून खालची इस्पिके मात्र सहसा देऊ नयेत. नवख्यांकडून सर्वांत जास्त चूक इथेच होते. हातात राणी नाही, एक्का-राजा नाहीत, दोन-तीन हलकी इस्पिके आहेत, तेव्हा तो रंगच संपवून टाकावा, असे वाटणे साहजिक आहे. पण तीन पाने येणेही बाकी आहे आणि ज्याला राणी जड झाली तो ती नेमकी आपल्याकडे पाठवू शकतो. हलकी इस्पिके देऊन बसलेल्याच्या हातात मग राणी एकटी येऊन पडते. कोणी इस्पिक उतरले की तिला बाहेर यावेच लागते, आणि तिच्यावर एक्का किंवा राजा पडला नाही तर तेरा गुण आपलेच. राणी आली नाही तरी ही हलकी पाने वाया जात नाहीत. हातात एक्का-राजा नसलेल्या खेळाडूला इस्पिक उतरून राणीच्या मालकाला हैराण करता येते, त्याला स्वतःला त्यात काही धोका नसतो.

इस्पिकचा निर्णय झाला की उरलेल्या जागांसाठी चौकट आणि किलवर यांच्याकडे वळावे. इथे उद्देश असतो एखादा रंग पूर्ण संपवण्याचा किंवा निदान एका पानावर आणण्याचा. कुठल्याही रंगाची पहिली फेरी बहुधा निर्धोक जाते, कारण साधारणपणे सगळ्यांकडे त्या रंगाचे पान असते. दुसऱ्या फेरीत शंका येते. तिसऱ्या फेरीत कोणा ना कोणाकडे तो रंग संपलेला असतो आणि त्या हातावर बदाम किंवा राणी पडते. ज्याच्याकडे रंग आधी संपला तो दुसऱ्यांवर टाकतो, ज्याच्याकडे उशिरा संपतो तो झेलतो. म्हणून चौकटची दोनच पाने असतील तर ती दोन्ही देण्याचा विचार आधी करावा, ती फार भारी नसली तरी. सहा पानांच्या रंगातला एक्का देऊन मात्र फारसे काही साधत नाही. रंग लांबच राहतो.

चौकट आणि किलवर दिसायला सारखे असले तरी त्यांच्यात एक फरक आहे. डावाची पहिली उतारी नेहमी किलवरच्या दुर्रीने होते, आणि प्रचलित नियमानुसार या पहिल्या हातावर दंडाचे पान टाकता येत नाही. त्यामुळे किलवरचे एक भारी पान पहिल्या हातातच बिनधोक खपते. किलवरचा एक्का दिसला की तो देण्यासाठी पुढे सारणारे खेळाडू तीन जागांपैकी एक जागा फुकट घालवतात. तो एक्का पहिल्याच हाताला वाजवावा. फक्त त्यानंतरची उतारी आपल्याकडे येते, तेव्हा उतरायला सोयीचे काही आहे की नाही, तेवढे बघून ठेवावे. एक्का आणि राजा दोन्ही असतील आणि खाली काही नसेल, तर गोष्ट वेगळी. एक खपेल, दुसरा अडकेल.

बदामांकडे सर्वांत शेवटी पाहिले तरी चालते, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. खेळाचे नाव बदामावरून असले तरी बदामाची उतारी लगेच होत नाही. आधी कोणीतरी दुसऱ्या रंगाच्या हातावर बदाम टाकावा लागतो, तोवर तो रंग बंद असतो. शिवाय बदामाच्या एका हातात चारच गुण जातात, राणीच्या तेरांच्या मानाने ते थोडे. दुर्री, तिर्री, चव्वी असे तळचे बदाम जपून ठेवावेत. ज्यांच्याखाली काही नाही असे मधले-वरचे बदाम, उदाहरणार्थ दश्शी आणि गुलाम अशी दोनच पाने, देण्यालायक असतात. वरचे बदाम देताना मात्र एक खबरदारी घ्यावी लागते. एकाच खेळाडूने सगळे तेरा बदाम आणि राणी गोळा केली तर त्याला दंड न लागता बाकी तिघांना प्रत्येकी 26 गुण बसतात. बदामाचे एक्का, राजा, राणी असे एकाच माणसाला नेऊन देणे म्हणजे त्याला या पराक्रमाचे साहित्य पुरवणेच आहे. इस्पिकची राणी दिली असेल तर तिच्याबरोबर बदामाचा एक्काही त्यालाच देण्याआधी दोनदा विचार करावा. खाली हलकी पाने असलेला एखादा वरचा बदाम स्वतःकडे ठेवला की कोणाचाही हा बेत एका हातात मोडता येतो.

पाने कोणत्या दिशेला जाणार, यावरही निवड बदलते, विशेषतः इस्पिकची. हार्ट्समध्ये खेळ डावीकडे फिरतो, म्हणजे डावीकडचा खेळाडू आपल्यानंतर लगेच टाकतो. राणी डावीकडे दिली आणि आपल्याकडे इस्पिकचा राजा राहिला, तर आपण राजा टाकल्यावर तो माणूस राणी काढणार, हे ठरलेलेच. तो स्वतः उतरेल तेव्हा तेवढे आपण शेवटी येतो, एरवी नेहमी त्याच्या आधी. राणी उजवीकडे दिली तर चित्र उलटे होते. आपण स्वतः उतारी करत नसू, तर तो माणूस आपल्या आधी टाकतो. त्याने राणी टाकली की नाही, हे डोळ्यांनी पाहून मग राजा टाकायचा की नव्वी, हे ठरवता येते. म्हणून राणीबरोबर एक्का किंवा राजाही हातात असेल आणि पाने डावीकडे जाणार असतील, तर दोन्ही देणे बरे. उजवीकडे जाणार असतील तर एकटी राणी देऊन राजा ठेवणे अनेकदा परवडते. समोरच्याला दिली तर मामला अधलामधला. तो किंवा डावीकडचा उतरला की आपण त्याच्या मागून येतो, उजवीकडचा किंवा आपण उतरलो की त्याच्या आधी.

हे सगळे एका हातावर चालवून पाहू. पाने डावीकडे जायची आहेत. वाटून आलेली तेरा पाने अशी: इस्पिकची राणी, नव्वी, चव्वी; बदामाचा एक्का, अठ्ठी, तिर्री, दुर्री; चौकटचा राजा आणि गुलाम; किलवरचा एक्का, दश्शी, सत्ती, पंजी.

भारी पाने निवडणारा खेळाडू इस्पिकची राणी, बदामाचा एक्का आणि किलवरचा एक्का देईल. राणीबद्दल वाद नाही. तिच्याखाली दोनच पाने आहेत, तेव्हा ती जाणे बरोबर. पण बदामाच्या एक्क्याखाली अठ्ठी, तिर्री, दुर्री अशी तीन पाने आहेत, त्याची घाई नाही. किलवरचा एक्का पहिल्या हाताला जाणारच आहे. आणि मागे उरतात चौकटचे राजा व गुलाम, ज्यांच्याखाली काहीही नाही. चौकटच्या दुसऱ्या फेरीला यांतला एखादा हात ओढणार, आणि तोवर राणी कोणाच्या हाती टपून बसली असेल, हे सांगता येत नाही. या हातातली खरी वाईट पाने तीच दोन आहेत. म्हणून द्यायची ती राणी, चौकटचा राजा आणि चौकटचा गुलाम. चौकट रिकामा होतो आणि पुढे बदामाचा एक्का टाकायला जागा तयार होते.

आता उजवीकडून तीन पाने येतात: इस्पिकचा राजा, चौकटची राणी आणि चौकटची चव्वी. नशीब फारसे चांगले नाही. रिकामा केलेला रंग पुन्हा भरला, आणि राणी डावीकडे असताना राजा हातात आला. तरीही आधीच्या निवडीने एक पक्की माहिती हाताशी दिली आहे. राणी डावीकडच्याकडे आहे आणि त्याच्याकडे चौकटची निदान दोन पाने आहेत, कारण ती आपणच दिली. चौकटच्या पहिल्या दोन फेऱ्यांत त्याला चौकटच टाकावे लागणार. त्या दोन फेऱ्यांत इस्पिकची राणी पडूच शकत नाही.

पहिला हात किलवरच्या एक्क्याने घ्यावा. उतारी आपल्याकडे आली की चौकटची राणी उतरावी. उजवीकडच्याने चौकटची दोन पाने दिली आहेत, तेव्हा त्याने तो रंग संपवला असण्याची शक्यता धरली पाहिजे. तसे असेल तर तो या हातावर एखादा बदाम टाकेल आणि हात आपलाच राहिला तर एक गुण बसेल. तेरा बसण्याची भीती नाही, एवढे पुरे. हात आपल्याकडे राहिला तर लगेच चौकटची चव्वी उतरावी, ती कोणीतरी नक्की मारेल. आता चौकट संपले. पुढच्या वेळी कोणी चौकट उतरले की सर्वांत आधी टाकायचा तो इस्पिकचा राजा, आणि नंतरच्या संधीला बदामाचा एक्का. मध्येच कोणी इस्पिक उतरले तर नव्वी आणि चव्वी अशी दोन पाने राजाला वाचवायला आहेत. खुद्द डावीकडचा हलके इस्पिक उतरला, तर आपण शेवटचे असतो. हातात बदाम पडलेला नसेल तर तिथे राजा खुशाल घालवावा. सुरुवातीला भारी पानांच्या मोहाने चव्वी-नव्वी दिली असती, तर हा राजा आज उघडा पडला असता.

आलेली पाने अशी वाचण्याची सवय लावून घेतली पाहिजे. देणाऱ्याने काय दिले यावरून त्याच्याकडे काय नाही, याचा अंदाज येतो. बदामाची दुर्री आणि तिर्री कोणी आपल्याला दिली, तर ते दानशूरपणाचे लक्षण नव्हे. तळचे बदाम कोणी सहसा देत नाही, दिले तर त्याला सगळेच हात करायचे आहेत. असा बेत करणाऱ्याची निवडही नेहमीच्या उलट असते. एका लांब रंगाची वरची सलग पाने आणि वरचे बदाम तो ठेवतो. हात न करणारी सुटी हलकी पाने, त्यातही हलके बदाम, तो आधी काढतो, कारण एक जरी बदाम दुसऱ्याच्या हातात गेला तरी बेत फसतो आणि गोळा केलेला सगळा दंड अंगावर येतो. बेताला राजा-राणीसारखी पाने थोडीफार असून भागत नाही. एक्क्यापासून सलग उतरणारा रंग नसेल तर हा विचार सोडलेला बरा. ज्याला अशी तळची पाने आली, त्याने एखादा वरचा बदाम शेवटपर्यंत धरून ठेवावा.

देवाणघेवाण नसलेल्या चौथ्या डावात यातले काहीच कामाला येत नाही. राणी कुठे आहे, हे कोणालाच माहीत नसते आणि हातात असलेल्या एकट्या भारी पानांना वाट नसते. त्या डावात इस्पिकचा एक्का किंवा राजा उघडा असेल, तर राणी पडण्याआधीच दुसऱ्या रंगाच्या हातावर तो घालवण्याच्या मागे लागावे.

नियमांचे काही पोटभेद निवडीवर परिणाम करतात. पहिल्या हातावर दंडाची पाने टाकायला परवानगी असेल, तर किलवरचा एक्का बिनधोक राहत नाही, मग तो देण्याच्या यादीत येऊ शकतो. काही ठिकाणी चौकटचा गुलाम घेणाऱ्याचे दहा गुण कमी होतात. तिथे तो गुलाम आंधळेपणाने दुसऱ्याला देणे परवडत नाही आणि तो पकडण्यासाठी चौकटची वरची पाने ठेवण्यातही अर्थ असतो. म्हणून नव्या मंडळींबरोबर बसताना या दोन गोष्टी पाने वाटण्यापूर्वीच विचारून घ्याव्यात.